साताची बाकी, सहाचे चक्र

आजपासून १०० दिवसांनी कोणता वार येईल, असे कोणी विचारले तर आपण कॅलेंडरची पाने उलटत बसत नाही. चौदा सत्ते अठ्ठ्याण्णव, उरले दोन. आज रविवार असेल तर १०० दिवसांनी मंगळवार. अठ्ठ्याण्णव दिवसांचे चौदा आठवडे आपण सहज बाजूला टाकले, कारण वाराच्या दृष्टीने ते झाले काय आणि न झाले काय, सारखेच. आपल्याला हवी होती ती फक्त साताने भागून उरलेली बाकी.

आता हाच प्रश्न थोडा वाढवू. आज रविवार आहे. २ चा १०० वा घात, म्हणजे २ ला २ नेच पुन:पुन्हा गुणत १०० दोन एकत्र गुणल्यावर जी संख्या येईल, तितक्या दिवसांनी कोणता वार असेल? ही संख्या ३१ अंकी आहे. विश्वाचे वय शास्त्रज्ञ सुमारे १३८० कोटी वर्षे सांगतात. त्याचे दिवस केले तर संख्या जेमतेम १३ अंकी होते. तेव्हा त्या दिवशी वार मोजायला कोणी असेल का, हा प्रश्न सोडून द्या. पण वार सांगता येतो, आणि तोही कागदावर एक ओळ लिहून.

बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला बाकीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. संगणक येण्यापूर्वी संध्याकाळी डे बुक जुळले नाही की जुने हेडक्लार्क आधी फरकाची रक्कम ९ ने भागून पाहत. भाग गेला तर कुठेतरी दोन आकडे उलटसुलट लिहिले गेले असावेत असा तर्क करीत. ५६३० च्या जागी ५३६० पडले तर फरक २७०, तो ९ ने भागला जातो. लेजर न उघडता चूक कोणत्या जातीची आहे ते कळे. नवाचे हे काम सोपे, कारण १० ला ९ ने भागले की १ उरतो. साताचे तसे नाही. १० ला ७ ने भागले तर ३ उरतात, १०० ला भागले तर २, १००० ला भागले तर ६. त्यामुळे अंकांची बेरीज करून सातापुढे डाळ शिजत नाही. शाळेत दोन, तीन, पाच, नऊ, अकरा यांच्या कसोट्या पाठ करून घेतात आणि साताजवळ आले की गुरुजी घाईने पुढे सरकतात, ते यामुळेच.

पण घातांच्या बाबतीत सात हा अतिशय शिस्तीचा आकडा आहे. ती शिस्त कशी आहे आणि का आहे, एवढेच आज पाहू.

गड्ड्या बाजूला ठेवा

पहिली गोष्ट अशी की गुणाकाराची बाकी काढायला गुणाकार करावा लागत नाही. समजा, एका संख्येत सातासाताच्या काही गड्ड्या आहेत आणि वर ३ सुटे आहेत. दुसरीत काही गड्ड्या आणि ५ सुटे. दोघांचा गुणाकार केला तर गड्ड्यांना गड्ड्यांनी गुणा, गड्ड्यांना सुट्यांनी गुणा, येते ते सातांच्या गड्ड्यांतच. गड्डीबाहेर पडते ते फक्त सुट्यांचे सुट्यांशी गुणलेले, ३ × ५ म्हणजे १५. त्यातूनही दोन गड्ड्या निघतात आणि १ उरतो. मूळ संख्या लाखांत असोत की कोटींत, उत्तर १ च.

ही युक्ती आपल्याकडच्या पंचांगकर्त्यांच्या हातात रोजची होती. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० हे आरंभवर्ष धरून 'ग्रहलाघव' रचला. आरंभापासून इष्ट दिवसापर्यंत किती दिवस गेले, या संख्येला अहर्गण म्हणतात. ती फार मोठी होऊ नये म्हणून त्याने अकरा वर्षांचे एक चक्र धरले. एका चक्राचे दिवस ४०१६. आता वार काढायचा तर गेलेली चक्रे ४०१६ ने गुणायला हवीत. पण ४०१६ ला ७ ने भागले की ५ उरतात. म्हणून चक्रांना फक्त ५ ने गुणायचे, चालू चक्रातले दिवस त्यात मिळवायचे, ७ ने भागायचे आणि सोमवारपासून मोजायचे. ३० चक्रे झाली असतील तर खरे दिवस १,२०,४८०. त्यांना ७ ने भागून ३ उरतात. आणि ३० ला ५ ने गुणून येणाऱ्या १५० ला ७ ने भागूनही ३ च उरतात. गणित करून आलेला वार आणि प्रत्यक्षातला वार जुळला नाही, तर अहर्गणात चूक आहे हे ताबडतोब समजे.

घात म्हणजे तरी काय, त्याच त्या संख्येने पुन:पुन्हा गुणणे. तेव्हा प्रत्येक पायरीवर गड्ड्या टाकून द्यायच्या आणि सुटे तेवढे पुढे न्यायचे. २ पासून सुरुवात करू. पहिला घात २. दुसरा ४. तिसरा ८, त्यातून सात गेले, उरला १. चौथ्यासाठी या १ ला २ ने गुणले, पुन्हा २. मग ४, मग १. दोन, चार, एक. दोन, चार, एक. हे कधीही बदलणार नाही, कारण १ आला की आपण परत आरंभी येऊन उभे राहतो.

१०० वा घात कुठे पडेल? दर तीन पायऱ्यांनी चक्र पुरे होते. तेहेतीस त्रिक नव्व्याण्णव. ९९ व्या पायरीला १ आणि १०० व्या पायरीला २. म्हणजे रविवारनंतर दोन दिवस, मंगळवार. वरच्या साध्या १०० दिवसांचे उत्तरही मंगळवारच होते, पण तो निव्वळ योगायोग. १०१ व्या घाताला बाकी ४ येते, म्हणजे गुरुवार. साध्या १०१ दिवसांनी मात्र बुधवार.

उत्तर पडताळायचे कसे?

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या संख्येबद्दल असे छातीठोक कसे सांगता? गणकयंत्रावर करून पाहू. इथे सावध राहायला हवे. घरातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर किंवा संगणकातल्या हिशेबाच्या तक्त्यात २ चा १०० वा घात काढला तर पहिले दहापंधरा अंक मिळतात आणि पुढे फक्त इतकी स्थाने आहेत अशी खूण दिसते. ते अंक मांडून पुढे कोणी शून्ये लावली आणि ७ ने भागले, तर जी बाकी येईल तिला काडीचा अर्थ नाही. बाकी ही संख्येच्या शेवटच्या अंकावरही अवलंबून असते, आणि तोच अंक यंत्राने गाळलेला असतो. हे ओळखण्याची खूणही सोपी आहे. २ च्या घाताच्या शेवटी २, ४, ८ किंवा ६ येतात, शून्य कधीच येत नाही. शून्याने संपणारा २ चा घात दिसला की समजावे, हा आकडा कापलेला आहे.

खरी संख्या पूर्ण लिहिली तर तीनतीन अंकांचे गट पाडून ती अशी आहे: १ २६७ ६५० ६०० २२८ २२९ ४०१ ४९६ ७०३ २०५ ३७६. आता साताची एक जुनी कसोटी लावू. सात गुणिले अकरा गुणिले तेरा बरोबर १००१. म्हणजे १००० ही संख्या सातांच्या गड्ड्यांपेक्षा एकानेच कमी आहे. त्यामुळे उजवीकडून तीनतीन अंकांचे गट घेऊन एक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असे आळीपाळीने करीत गेले की शेवटी जी लहान संख्या येते तिची बाकी मूळ संख्येच्या बाकीइतकीच असते. ३७६ वजा २०५, अधिक ७०३, वजा ४९६, अधिक ४०१, वजा २२९, अधिक २२८, वजा ६००, अधिक ६५०, वजा २६७, अधिक १. उत्तर ५६२. त्यातून ५६० गेले, उरले २. एका ओळीत काढलेले उत्तर आणि ३१ अंकांवरून काढलेले उत्तर एकच आले.

तीन सगळ्या घरी जातो, दोन निम्म्याच

आता २ च्या जागी ३ घेऊ. पहिली बाकी ३. तिला ३ ने गुणले, ९, उरले २. पुन्हा ३ ने, ६. मग १८, उरले ४. मग १२, उरले ५. मग १५, उरला १. म्हणजे ३, २, ६, ४, ५, १. या फेरीत १ ते ६ पर्यंतच्या साऱ्या बाक्या एकेकदा येऊन गेल्या आणि सहाव्या पायरीला आपण १ वर परतलो. ५ घेतला तरी असेच होते, फक्त क्रम उलटा: ५, ४, ६, २, ३, १. ४ घेतला तर ४, २, १ असे तीनच पायऱ्यांचे चक्र. ६ घेतला तर ६, १ असे दोन पायऱ्यांचे. १ तर जागचा हलतच नाही.

चक्रांची लांबी अशी १, २, ३ किंवा ६ येते. चार किंवा पाच पायऱ्यांचे चक्र सातापुढे कुठेच नाही. या चारही लांबींनी ६ ला पूर्ण भाग जातो. म्हणजे कोणाचे चक्र लहान असो की मोठे, सहाव्या पायरीला सगळे १ वर हजर असतात. हजेरी लावायला एकही चुकत नाही. सात हा आकडा आपला, मग हे सहा कुठून आले?

हे कारण समजावून घेण्यासारखे आहे, कारण ते एकदा समजले की पाठ करायला काही उरत नाही. १, २, ३, ४, ५, ६ या सहा बाक्या सहा खुर्च्यांवर बसल्या आहेत अशी कल्पना करा. शून्याला यात जागा नाही, कारण शून्य उरला म्हणजे संख्या साताच्या पाढ्यातली. आता प्रत्येकीला ३ ने गुणा. ३, ६, ९, १२, १५, १८ येतात. गड्ड्या टाकल्यावर ३, ६, २, ५, १, ४. नीट पाहा, त्याच सहाजणी आहेत. फक्त खुर्च्या बदलल्या. दोघी एकाच खुर्चीवर आल्या नाहीत, आणि येऊही शकत नाहीत. समजा, दोन वेगवेगळ्या बाक्यांना ३ ने गुणून एकच बाकी आली असती, तर त्यांच्यातल्या फरकाची तिप्पट साताने भागली गेली असती. पण फरक सहापेक्षा मोठा असू शकत नाही, ३ मध्येही सात नाही. आणि सात हा अविभाज्य असल्याने तो दोघांत अर्धाअर्धा वाटून लपूही शकत नाही. तेव्हा ते अशक्य.

आता दोन्ही रांगांचा गुणाकार करा. पहिल्या रांगेचा गुणाकार १ × २ × ३ × ४ × ५ × ६ म्हणजे ७२०. दुसऱ्या रांगेत प्रत्येकीला एकेक ३ जादा मिळाला आहे, म्हणजे ७२० गुणिले ३ चा सहावा घात. पण गड्ड्या टाकल्यावर दोन्ही रांगांत त्याच सहाजणी आहेत, म्हणून दोन्ही गुणाकारांची बाकी सारखीच असली पाहिजे. ७२० मध्ये सात नाही, तेव्हा तो दोन्हीकडून काढून टाकता येतो. उरते ते असे की ३ च्या सहाव्या घाताची बाकी १. प्रत्यक्ष पाहा: ३ चा सहावा घात ७२९, सातांचे १०४ गट म्हणजे ७२८, उरला १.

या युक्तिवादात ३ चे काही विशेष नाही. ३ च्या जागी साताच्या पाढ्यात नसलेली कोणतीही संख्या घाला. आणि ७ च्या जागी दुसरा कोणताही अविभाज्य आकडा घेतला तर खुर्च्या त्याच्यापेक्षा एक कमी. फ्रान्समधल्या तुलूझच्या न्यायालयात काम करणाऱ्या पिएर द फर्मा या गृहस्थाने १८ ऑक्टोबर १६४० रोजी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात हा नियम कळवला, आणि सिद्धता लांबेल म्हणून पाठवत नाही, असे लिहून मोकळा झाला. ऑयलरने सिद्धता मांडली ती १७३६ साली. पुढे १८०१ मध्ये गाउसने आपल्या ग्रंथात सारख्या बाकीच्या संख्यांमध्ये तीन आडव्या रेघांची खूण घातली आणि या साऱ्या हिशेबाला लिहायची सोय करून दिली.

घातांकाचे घड्याळ वेगळे

माझी नात स्पर्धा परीक्षेची तयारी करते. या परीक्षांच्या पुस्तकांत एक जुना प्रश्न फिरत असतो: २२२२ चा ५५५५ वा घात आणि ५५५५ चा २२२२ वा घात यांची बेरीज केली तर तिला ७ ने पूर्ण भाग जातो का? एका रविवारी ती वही घेऊन आली.

"आजोबा, पुस्तकात उत्तर 'पूर्ण भाग जातो' असे आहे. माझी बाकी पाच येते. छपाईची चूक असेल का?"

मी तिची वही पाहिली. तिने २२२२ ला ७ ने भागून ३ आणले होते, ५५५५ ला भागून ४. इथवर ठीक. मग तिने घातांकांनाही सातानेच भागले होते. ५५५५ चे ४ झाले, २२२२ चे ३. ३ चा चौथा घात ८१, बाकी ४. ४ चा तिसरा घात ६४, बाकी १. बेरीज ५.

"घातांक काय मोजतो?" मी विचारले.

"किती वेळा गुणायचे ते."

"मग तो रुपये मोजत नाही, पायऱ्या मोजतो. पायऱ्यांचे चक्र कितीचे?"

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "सहाचे. म्हणजे वरच्याला सहाने भागायचे!"

खालच्या संख्येची बाकी साताने आणि वरच्याची सहाने, हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि बहुतेकांचे गणित इथेच घसरते. आता तिचे गणित पुढे नेऊ. ५५५५ ला ६ ने भागले की ५५५० जाऊन ५ उरतात. म्हणून ३ चा पाचवा घात पुरे. तो २४३, त्यातून २३८ गेले, ५ उरले. दुसरीकडे २२२२ मधून २२२० गेले, २ उरले. ४ चा दुसरा घात १६, बाकी २. पाच आणि दोन सात. पूर्ण भाग जातो. पुस्तक बरोबर होते.

या दोन संख्या किती मोठ्या आहेत याचा अंदाज घ्या. पहिली १८ हजार ५९२ अंकांची आहे. कागदाच्या एका पानावर २४०० अंक मावतात असे धरले तर ती लिहायला जवळजवळ आठ पाने लागतील. दुसरी ८ हजार ३२१ अंकांची. त्यांतला एकही अंक नातीने लिहिला नाही.

तिची दुसरी अडचण अशी की घातांकाला ६ ने पूर्ण भाग गेला तर काय? उदाहरणार्थ, ३ चा ६०० वा घात. ६०० ला ६ ने भागून बाकी शून्य. मग उत्तर शून्य, असे पुष्कळ मुले लिहितात. पण पायऱ्या शून्य उरल्या याचा अर्थ चक्र बरोबर १ वर येऊन थांबले. उत्तर १. इथेही एक खूण लक्षात ठेवावी. खालची संख्या साताच्या पाढ्यात असेल तरच घाताची बाकी शून्य येईल. नसेल तर कितीही घात करा, शून्य येणे शक्य नाही. तसे उत्तर आले तर वही परत तपासावी.

घातावर घात

दोन घड्याळांची गोष्ट पुरती पटते ती घातावर घात चढवल्यावर. ३२ चा घात करायचा, आणि घातांक म्हणून ३२ चा ३२ वा घात घ्यायचा. नुसता घातांकच ४९ अंकी आहे. मूळ संख्येत अंक किती, तर तो आकडाही ४९ अंकी होतो. ती संख्या कोणी कधी लिहिणार नाही, कारण तेवढा कागद पृथ्वीवर नाही.

वरून खाली न येता खालून वर जाऊ. ३२ ला ७ ने भागले, ४ उरले. म्हणजे आपल्याला ४ चा प्रचंड घात हवा आहे. पायऱ्यांचे घड्याळ सहाचे, तेव्हा घातांकाची, म्हणजे ३२ च्या ३२ व्या घाताची, सहाने येणारी बाकी हवी. ३२ ला ६ ने भागून २ उरतात. २ चे घात सहाच्या घड्याळात २, ४, २, ४ असे चालतात. विषम पायरीला २, सम पायरीला ४. ३२ वी पायरी सम आहे, म्हणून ४. आता ४ चा चौथा घात २५६. त्यातून २५२ गेले, ४ उरले. उत्तर ४.

इथे एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. सहाच्या घड्याळात २ फिरला तो २ आणि ४ याच दोन घरांत. १ वर कधी आलाच नाही. कारण सहा अविभाज्य नाही. त्याचे २ आणि ३ असे तुकडे पडतात, आणि २ ने गुणले की खुर्च्या नुसत्या बदलत नाहीत, दोघी एकीवर येऊन बसतात. १ ची दुप्पट २ आणि ४ ची दुप्पट ८, सहा गेले, तीही २. आठाच्या घड्याळात तर २ ची दशा आणखी बिकट: २, ४, ० आणि पुढे कायमचा शून्य. वरचा सारा युक्तिवाद सात अविभाज्य आहे या एका खुंटीवर टांगलेला आहे. 'घातांकाला भाजकापेक्षा एक कमीने भागा' असा नुसता नियम पाठ करून तो ६, ८ किंवा १० ला लावला तर हमखास फसगत होते. अशा वेळी बाक्यांची रांग हाताने लिहून चक्र कुठे जुळते ते पाहावे. रांग लहानच असते.

बँकेतून निवृत्त होताना मी सह्यांचे नमुने लावलेली कार्डे मागे ठेवून आलो. आज खातेदार मोबाइलवरून व्यवहार करतो, आणि त्यामागे जे कुलूप असते त्याच्या एका प्रसिद्ध प्रकारात हेच गणित आहे. १९७७ साली अमेरिकेत रिव्हेस्ट, शमीर आणि अ‍ॅडलमन या तिघांनी ते सुचवले. सातासाठी पायऱ्यांचे घड्याळ सहाचे, हे सर्वांना ठाऊक. पण भाजक म्हणून ७ आणि ११ यांचा गुणाकार ७७ घेतला, तर घड्याळ सहा गुणिले दहा म्हणजे ६० चे होते. ते सांगायला ७७ चे दोन तुकडे कोणते हे माहीत असावे लागते. ७७ चे तुकडे कोणीही पाडील. शेकडो अंकी दोन अविभाज्य संख्या गुणून आलेल्या आकड्याचे तुकडे मात्र आजच्या यंत्रांनाही पाडता येत नाहीत. तो आकडा उघड जाहीर करतात. त्याने कोणीही निरोप बंद करू शकतो. उघडायला पायऱ्यांचे घड्याळ माहीत हवे, आणि ते तुकडे जाणणाऱ्यालाच माहीत असते. सातापुढे जो आकडा नात बोटावर सांगते, तोच तिथे किल्ली म्हणून जपून ठेवतात. तुकडे पाडायची जलद रीत कोणाला सापडली तर ते कुलूप निकामी होईल, ही त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे.

जाता जाता, आज जेवणानंतर घरातल्यांनी मिळून करण्यासारखी एक गंमत. प्रत्येकाने आपले जन्मसाल घ्यावे, त्याचा तितकाच घात करावा आणि साताने येणारी बाकी सांगावी. सरावासाठी तीन साले मी सोडवून देतो. १९४७: साताने भागून १ उरतो, आणि १ जागचा हलत नाही, म्हणून उत्तर १, घातांकाकडे बघायचीही गरज नाही. १९५०: साताने ४ उरतात, पण घातांक १९५० ला ६ ने पूर्ण भाग जातो, म्हणून उत्तर पुन्हा १. १९६०: ही संख्याच साताच्या पाढ्यातली, दोनशे ऐंशी सत्ते, उत्तर शून्य. स्वातंत्र्य, प्रजासत्ताक आणि संयुक्त महाराष्ट्र, तिन्ही साले तीन निराळ्या कारणांनी झटपट सुटली. तुमचे साल इतके सरळ निघेलच असे नाही. खाली सात, वर सहा, एवढे धरून ठेवा.